पिकाचूच्या शेपटीचं टोक काळं नाही: यंत्राने काढलेलं चित्र मूळ डिझाइनशी कसं ताडून पाहावं

पोकेमॉन या गेम-मालिकेतला पिकाचू डोळ्यांसमोर आणा. पिवळं अंग, लांब कान, कानांची टोकं काळी, गालांवर लाल गोल, विजेच्या आकाराची शेपटी. आता त्या शेपटीचं टोक कोणत्या रंगाचं आहे? पुष्कळ लोक न अडखळता 'काळं' म्हणतात, आणि ते चूक आहे. शेपटीचं टोक पिवळं असतं. जो वेगळा रंग आहे तो तपकिरी आहे आणि तो दुसऱ्या बाजूला, शेपटी जिथे अंगाला जुळते तिथे असतो.

यंत्राला, म्हणजे सांगितल्यावरून चित्र काढणाऱ्या एआयला, पिकाचू काढायला सांगितला तर तेही हीच चूक वारंवार करतं. म्हणूनच ती पकडणं अवघड जातं. चित्र तपासणाऱ्याच्या डोक्यातही तीच चुकीची शेपटी असते, त्यामुळे काळ्या टोकाचं चित्र त्याला खटकत तर नाहीच, उलट ओळखीचं वाटतं. दीपश्री प्रसाद आणि विल्मा बेनब्रिज या संशोधकांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पिकाचू हे यातलं ठळक उदाहरण होतं. मूळ चित्र आणि थोडे बदल केलेल्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या, तर लोक ठरावीक चित्रांच्या बाबतीत एकच चुकीची आवृत्ती निवडतात, आणि तीही खात्रीने, असं त्यात दिसलं. तेव्हा 'मी लहानपणापासून बघतोय, मला माहीत आहे' या भरवशावर पिकाचू तपासायला बसू नये. मुलांच्या वाढदिवसाचं पोस्टर असो, छापायचं पुस्तक असो की एखाद्या लेखासाठीचं चित्र, तपासणी कागदावरच्या नोंदींवरून करायची. ती कशी करायची ते पुढे सांगतो, पण यंत्र नेमकं कुठे आणि का घसरतं हे आधी कळलं तर निम्मं काम सोपं होतं.

यंत्राला शेपटी कुणी शिकवलीच नाही

चित्र तयार करणारी मॉडेल्स चित्र आणि मजकूर यांच्या जोड्यांवर शिकतात. स्टेबल डिफ्यूजन या मॉडेलच्या सुरुवातीच्या आवृत्त्या लायन नावाच्या ज्या चित्रसंग्रहावर शिकल्या, त्यातला मजकूर वेबपानांवर चित्रांना जोडलेल्या पर्यायी वर्णनांतून उचललेला होता. अशी वर्णनं कशी असतात? 'पिकाचू मऊ खेळणं, मोठा आकार' किंवा 'पिकाचू वॉलपेपर'. 'शेपटीच्या मुळाशी तपकिरी डाग' असं तिथे कुणी लिहीत नाही. त्यामुळे 'पिकाचू' या नावाखाली मॉडेलच्या हाती लागते ती हजारो चित्रांची सरासरी छाप. त्या चित्रांत अधिकृत चित्रं असतात, चाहत्यांनी काढलेली असतात, नकली खेळण्यांचे फोटो असतात आणि पिकाचूचा पोशाख घातलेली माणसंही असतात.

याच नावाखाली त्याचे नातेवाईकही येतात. पिकाचूचं धाकटं रूप म्हणजे पिचू, जो 1999 च्या गोल्ड आणि सिल्व्हर गेम्समध्ये आला. त्याची शेपटी काळी आहे, गाल गुलाबी आहेत आणि गळ्याभोवती काळा पट्टा आहे. पिकाचूचं मोठं रूप रायचू. तो नारिंगी असून त्याचं पोट पांढरं असतं. हे तिघे एकाच चित्रात किंवा एकाच वर्णनात पुन्हा पुन्हा भेटतात. त्यामुळे यंत्राने काढलेल्या पिकाचूचे गाल गुलाबी आणि शेपटी काळी दिसली तर पिचू मिसळला असावा, आणि पोट पांढरट दिसलं तर रायचू, असा अंदाज बांधता येतो. अधिकृत पिकाचूचं पोटही पिवळंच आहे. अंदाज असा बांधता आला की पुढे काय बघायचं तेही कळतं: गाल गुलाबी दिसले की मी लगेच गळ्याकडे बघतो, तिथे काळी छटा उतरली आहे का.

दुसरं कारण तांत्रिक आहे, पण समजायला सोपं. अशी बरीच मॉडेल्स चित्र थेट पिक्सेलमध्ये काढत नाहीत. ती आधी एका लहान, दाबलेल्या रूपात काढतात आणि शेवटी ते उलगडतात. स्टेबल डिफ्यूजनमध्ये उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी हे रूप आठ पटींनी लहान असतं, म्हणजे 1024 पिक्सेलच्या बाजूसाठी 128 घरं. धरा की चित्रात एकटा पिकाचू आहे आणि शेपटीच्या मुळाचा तपकिरी भाग 40 पिक्सेल रुंद आहे. त्याच्या वाट्याला रुंदीत पाच घरं येतात, तेवढ्यात तो जमू शकतो. आता त्याच चित्रात चार-पाच पात्रं घाला. तोच भाग 12 पिक्सेलचा झाला तर त्याला जेमतेम दीड घर उरतं. तिथे तो एक तर पुसला जातो किंवा शेजारच्या रंगात मिसळतो. म्हणून गर्दीच्या चित्रातला पिकाचू नेहमी जास्त संशयाने बघावा.

तिसरं कारण म्हणजे रंग आपली जागा सोडतात. 'काळी टोकं' हा गुण कानांचा आहे, पण मॉडेलच्या हिशेबात तो कानांशी घट्ट बांधलेला नसतो. लांब, निमुळता, पिवळा भाग आणि त्याला काळं टोक ही जोडी शेपटीवरही उतरते. माणसाच्या आठवणीतही असंच काही घडत असावं, असा माझा कयास आहे. यावर 'शेपटीला काळं टोक नको' असं लिहून बघण्याचा मोह होतो. त्याने बऱ्याचदा उलटाच परिणाम होतो. नकार नीट न पोचता 'शेपटी' आणि 'काळं' हे दोन शब्द तेवढे पोचतात.

शेवटचं कारण पाठीचं. पिकाचूची बहुतेक चित्रं समोरून काढलेली असतात. पाठीवर दोन तपकिरी आडवे पट्टे आहेत, पण समोरून ते दिसत नाहीत. मागून दिसणारा पिकाचू मागितला की मॉडेल अपुऱ्या माहितीवर पट्टे आखतं: कधी तीन, कधी चार, कधी वाघासारखे कुशीपर्यंत ओढलेले.

तुलनेआधी आवृत्ती ठरवा

'अधिकृत पिकाचू' एकच नाही, आणि हे न ठरवता तपासायला बसलात तर बरोबर चित्राला चूक म्हणाल. हे पात्र 1996 मध्ये जपानमध्ये गेम बॉयच्या रेड आणि ग्रीन गेम्समधून आलं. मूळ रेखाटन अत्सुको निशिदा यांचं, आणि अधिकृत चित्रांमागचा हात केन सुगिमोरी यांचा. सुरुवातीचा पिकाचू गुबगुबीत होता, नंतर तो सडपातळ झाला आणि मान-कंबर जरा कळू लागली. म्हणून गुबगुबीत अंग हा आपोआप दोष ठरत नाही.

शेपटीबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. 2006 च्या डायमंड आणि पर्ल गेम्सपासून नर-मादी फरक आला. मादीच्या शेपटीच्या टोकाला खाच असते, त्यामुळे टोक बदामासारखं दिसतं. नराचं टोक सरळ कापल्यासारखं असतं. आणि 2014 च्या ओमेगा रुबी व अल्फा सफायरमध्ये वेशभूषा करणारा एक खास पिकाचू आहे, जो नेहमी मादी असतो. तिच्या शेपटीच्या टोकावर खरोखरच बदामाच्या आकाराचा काळा भाग आहे. म्हणजे काळ्या टोकाला अधिकृत आधार आहे, पण एवढ्याच रूपात. टोक सरळ आणि तरीही काळं असेल तर हा आधार लागू होत नाही.

तेव्हा कागदावर सगळ्यात वर एक ओळ लिहा: 'सध्याचा नेहमीचा पिकाचू, नर, पोशाख नाही'. किंवा तुम्हाला जो हवा असेल तो.

संदर्भ कुठून घ्यायचा

इमेज सर्चमधून संदर्भ उचलू नका. तिथे चाहत्यांची चित्रं आणि यंत्राने काढलेली चित्रं अधिकृत चित्रांच्या शेजारीच दिसतात, आणि एका यंत्रचित्राची तपासणी दुसऱ्या यंत्रचित्रावरून केली तर तीच चूक पक्की होते. सरळ pokemon.com वर जाऊन पोकेडेक्स या पात्रसूचीत 25 वा क्रमांक उघडा. जपानी पोकेडेक्स zukan.pokemon.co.jp वर आहे. भाषा येत नसली तरी चित्र तेवढं बघता येतं.

या पानावरचं मुख्य चित्र तोंड, कान, गाल, हातपाय यांच्यासाठी पुरेसं आहे. पाठीसाठी नाही. पाठीसाठी सर्वांत सोयीची जागा म्हणजे खुद्द गेम. मुख्य मालिकेतल्या लढतीत आपला पोकेमॉन आपल्याला मागूनच दिसतो. अलीकडच्या त्रिमितीय गेममधला तसा स्क्रीनशॉट घेतला की पट्टे आणि शेपटीचं मूळ एकाच चित्रात मिळतं. जुन्या गेम बॉयचा स्क्रीनशॉट मात्र रंगांसाठी चालत नाही, कारण त्या यंत्राला चारच छटा दाखवता येत होत्या.

ट्रेडिंग कार्डं अधिकृत असली तरी प्रत्येक चित्रकार आपल्या शैलीत काढतो. डाग कुठे आहे हे त्यांवरून कळेल, पण अंगाचं प्रमाण त्यांवरून मोजू नका. मऊ खेळण्यांचंही तसंच, शिवणकामाच्या सोयीसाठी त्यांत बोटं आणि पट्टे सोपे केलेले असतात. आणि 2019 च्या चित्रपटातला केसाळ पिकाचू हे वेगळंच रूप आहे. तुम्हाला तोच हवा नसेल तर तो बाजूला ठेवा.

यादी आधी, चित्र नंतर

तपासायचं चित्र उघडण्याआधी संदर्भ बघून यादी लिहून काढा. क्रम उलटा झाला की डोळे तडजोड करतात: समोरच्या चित्रात जे आहे तेच संदर्भातही आहे असं वाटू लागतं. माझी यादी साधारण अशी असते, आणि मी ती शेपटीपासून सुरू करतो, कारण सर्वांत जास्त चुका तिथे सापडतात.

- शेपटी: मुळाशी तपकिरी, पुढे टोकापर्यंत पिवळी. मुळाशी अरुंद, टोकाकडे रुंद होत जाणारी. वळणं संदर्भावरून मोजायची.
- पाठ: दोन तपकिरी आडवे पट्टे.
- कान: लांब, टोकदार, दोन्हींची टोकं काळी, काळा भाग दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात. आतून गुलाबी रंग नाही.
- चेहरा: गडद डोळे, त्यांत पांढरी चमक. लहान काळं नाक. गालांवर लाल गोल.
- पोट आणि गळा: पिवळे.
- हातापायांची बोटं: हाताला पाच, पायाला तीन.

प्रत्येक ओळीपुढे चार शक्यता ठेवा: बरोबर, चूक, दिसत नाही, आणि शैलीमुळे वेगळं. 'दिसत नाही' हा रकाना फार उपयोगी आहे. तो नसला की माणूस मुठीत दडलेली बोटंही 'बरोबर' म्हणून सोडून देतो.

एक चित्र तपासून पाहू

समजा चित्र 1024 बाय 1024 पिक्सेलचं आहे. पावसात उभा असलेला पिकाचू, पाठ आपल्याकडे, मान वळवून बघतोय. पोशाख काही नाही.

पूर्ण चित्र बघून मत बनवू नका, कारण पूर्ण चित्र छानच दिसतं. एकेक भाग कापून मोठा करा. कुठल्याही फोटो दाखवणाऱ्या ॲपमध्ये चारशे टक्के झूम केलं तरी चालेल. इमेजमॅजिक हे कमांड लिहून चालवायचं चित्रसाधन वापरत असाल तर शेपटीचा भाग असा कापता येतो:

```
magick pikachu.png -crop 300x300+620+420 +repage -filter point -resize 400% tail.png
```

पहिले दोन आकडे कापायच्या चौकटीची रुंदी-उंची आहेत, पुढचे दोन ती डावीकडून आणि वरून किती अंतरावर आहे ते सांगतात. `-filter point` मुळे मोठं करताना कडा गुळगुळीत होत नाहीत, जे मुळात आहे तेच दिसतं.

शेपटीच्या टोकाला काळी पाचर आहे. ती सावली असेल का? शेपटीच्या बाकी भागावर प्रकाश कसा पडलाय ते बघा. सावली असती तर तिची कड प्रकाशाच्या दिशेनुसार पडली असती आणि तिच्यातून पिवळा रंग मळकट होऊन दिसला असता. इथे कड सरळ आहे आणि आत शुद्ध काळा आहे, म्हणजे हा रंगच आहे. टोकाला खाच नाही, पोशाख नाही, तेव्हा 2014 चं खास रूपही नाही. निकाल: चूक.

आता मुळाशी या. तिथे तपकिरी नाही, पिवळाच रंग अंगात विरून गेलाय. वर पाठीवर बघितलं तर पट्टे तीन आहेत, आणि तिसरा शेपटीच्या अगदी वर आहे. तिसरा पट्टा कुठून आला ते इथे कळतं: मुळाचा तपकिरी रंग सरकून पाठीवर गेला. एकच घसरण दोन चुका म्हणून दिसते. मुळाशी रंग हरवलेला दिसला की पट्टे मोजायचे, आणि पट्टे जास्त निघाले की मूळ बघायचं.

गालांचा प्रश्न नाजूक असतो. वळलेल्या चेहऱ्याचा एकच गाल दिसतोय आणि तो गुलाबी वाटतो. पण दृश्य पावसाचं आहे, थंड निळसर प्रकाशात लाल रंग बदलणारच. अशा वेळी गालाचा रंग थेट संदर्भातल्या गालाशी जुळवू नका. आधी ड्रॉपरने अंगाचा पिवळा दोन्ही चित्रांत उचला. प्रकाशामुळे रंग बदलला असेल तर पिवळाही तसाच थंड झालेला असेल. इथे पिवळा जवळजवळ होता तसाच उबदार आहे आणि फक्त गाल गुलाबीकडे गेलाय. प्रकाशाचं कारण टिकत नाही. निकाल: चूक. पिचूचा संशय म्हणून गळा बघितला, तिथे काळं काही नाही.

कानांत एका कानाचा काळा भाग निम्म्यापर्यंत उतरलाय आणि दुसऱ्याच्या टोकाला जेमतेम ठिपका आहे. कान आपल्यापासून लांब झुकला असता तर अख्खा कानच आखूड दिसला असता आणि काळ्या-पिवळ्याचं प्रमाण साधारण तेच राहिलं असतं. दोन्ही कानांची लांबी सारखी आहे, म्हणून ही चूक. कानांचे शेंडे चित्राच्या वरच्या कडेला टेकलेत का तेही बघून घ्या. शिकवताना चित्रं चौकोनी कापली जात, त्यात लांब कानांसारखे भाग छाटले जात, आणि तसेच छाटलेले कान मॉडेल पुन्हा काढतं.

डाव्या पायाला चार बोटं आहेत: चूक. एका हाताची तीनच बोटं दिसतात, पण हात मुठीसारखा वळलाय: 'दिसत नाही'. पाय जरा लांब आहेत, पण सगळं चित्रच जलरंगाच्या ढंगात ओढलेलं आहे: 'शैलीमुळे वेगळं'. अंगाचं प्रमाण मोजायचंच असेल तर डोक्याची उंची हे माप धरा आणि संपूर्ण उंचीत ती किती वेळा बसते ते दोन्ही चित्रांत बघा. दोन चित्रं एकमेकांवर अर्धपारदर्शक ठेवण्याची युक्ती उभं राहण्याची ढब जवळजवळ सारखी असेल तरच उपयोगाची. नाहीतर नसलेल्या चुका दिसू लागतात.

दुरुस्ती

शेपटीचं टोक, तिसरा पट्टा आणि गाल या सपाट रंगाच्या चुका आहेत. त्या हाताने रंगवणं सर्वांत खात्रीचं. शेजारचा पिवळा उचला, टोकावर भरा, मग छटा सारखी करा. यंत्राकडूनच दुरुस्ती करून घ्यायची असेल तर तेवढाच भाग कापून मोठा करा आणि मगच तो बदलायला द्या. वर सांगितलेल्या हिशेबाने त्या भागाला जास्त घरं मिळतात आणि तपकिरी डाग उमटायला जागा होते. वर्णन होकारात लिहा: 'पूर्ण पिवळी शेपटी, अंगाजवळ तपकिरी'. 'काळं' हा शब्द त्यात येऊच देऊ नका.

बोटं आणि कान जास्त त्रास देतात, कारण तिथे आकारच चुकलेला असतो. चौथं बोट पुसलं तर उरलेल्या तिघांत फट राहते, पाऊल नव्याने आखावं लागतं. मी अशा वेळी संदर्भातलं पाऊल बघून रेघा हाताने काढतो आणि मग रंग भरतो.

दुरुस्तीनंतर यादी पुन्हा पहिल्यापासून चालवा, बदललेला भागच नव्हे तर सगळी. शेपटीचं मूळ दुरुस्त करताना यंत्र हमखास आजूबाजूची पाठही थोडी पुन्हा रंगवतं, आणि दोनवर आणलेले पट्टे परत तीन झालेले सापडतात. दुरुस्त भाग मूळ चित्रात बसवल्यावर जोडावरची रेघ दोनशे टक्क्यांवर बघा. तिथे पिवळ्याच्या दोन छटा शेजारी आल्या असतील तर छापल्यावर त्या पडद्यावरच्यापेक्षा जास्त उठून दिसू शकतात.